चौथी सळई

परळी तालुक्यातल्या धर्मापुरीत एका घराच्या हॉलवरचा बीम ओतायचा होता. सेंट्रिंग झालं होतं, रिंगा बांधून झाल्या होत्या. खाली १६ मिलिमीटरच्या, म्हणजे गावच्या भाषेत पाच सुताच्या, तीन सळ्या घातल्या होत्या. घरमालक काका चौथी सळई स्वतः खांद्यावर घेऊन आले. म्हणाले, "साहेब, एक जास्तीची टाकूनच द्या. पैसा माझा जातोय, तुमचं काय बिघडतं?"

मी नको म्हणालो. त्यांना ते विचित्र वाटलं. कमी लोखंड घालणारे त्यांनी खूप पाहिले होते. जास्तीचं नको म्हणणारा पहिल्यांदाच भेटला असावा. फिटरही माझ्याकडे जरा संशयानंच बघत होता.

डिप्लोमाच्या मुलांसाठी आणि साइटवरच्या सुपरवायझरांसाठी असलेल्या या पुस्तिकेत पुढे कोष्टकं आहेत, सूत्रं आहेत, सोडवलेली उदाहरणं आहेत. काकांना तेव्हा जे उभ्याउभ्या सांगता आलं नाही, ते इथे सावकाश सांगतो. बीमला किमान किती सळई लागते, कमाल किती चालते, आणि या दोहोंच्या मधे 'संतुलित छेद' नावाची जी रेघ आहे ती नेमकी कुठून येते, एवढाच या प्रस्तावनेचा विषय. हिशेब त्याच बीमचा करू: रुंदी २३० मिलिमीटर, उंची ४५०, काँक्रीट एम-२०, सळई एफई-५००. सळ्यांचा मध्य तळापासून सुमारे ४० मिलिमीटर वर येतो, म्हणून वरच्या कडेपासून सळईपर्यंतची प्रभावी खोली ४१० धरू.

सुरुवात मात्र धर्मापुरीतल्याच जुन्या बांधकामापासून करायला हवी. गावातलं केदारेश्वराचं मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातलं. बघायला येणारे बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती बघतात. आमच्या धंद्यातल्या माणसाची नजर मात्र असल्या मंदिरात आधी खांबांवरच्या आडव्या दगडांकडे जाते. दगडी तुळई वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दगड दाब भरपूर घेतो, ताण मात्र त्याच्या मानानं फारच थोडा. म्हणून त्या काळच्या कारागिरांनी खांब जवळजवळ उभे केले आणि दगड जाड ठेवले. ताण दगडाच्या ऐपतीबाहेर गेला, तर तळाशी एक चीर उठते आणि त्याच क्षणी वरपर्यंत जाते. तुळई आधी लवत नाही, कुरकुरत नाही. एका दगडाचे दोन होतात.

सळई नसलेलं काँक्रीट या बाबतीत दगडाचंच भावंड. आपल्या बीमचं काँक्रीट एकटं किती मोमेंट घेईल, ते काढता येतं. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे एम-२० काँक्रीट वाकताना सुमारे ३.१३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणाला तडकतं. या मापाच्या बीमला तो ताण सुमारे २४ किलोन्यूटन-मीटर मोमेंटला येतो. भिंतीतून एक मीटर बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकाला साधारण अडीच टन वजन टांगलं, तर भिंतीपाशी एवढा मोमेंट येतो. तिथवर खालची सळई जवळजवळ बसून असते, कारण ताण काँक्रीटच घेत असतं. काँक्रीट तडकलं की तो सगळा ताण एका झटक्यात सळईवर येऊन पडतो.

किमान सळईचा नियम या झटक्यासाठी आहे. समजा, बीम रुंद आणि उंच आहे, पण वर वजन फारसं नाही. व्हरांड्याच्या दर्शनी बीमचं बऱ्याचदा असं होतं. शेजारच्या बीमच्या उंचीशी रेघ जुळावी म्हणून त्याला ४५० ची उंची दिलेली असते. वजनाचा हिशेब केला तर आठ मिलिमीटरच्या दोन सळ्याही पुरे आहेत असं निघतं. त्या दोन सळ्यांचं क्षेत्र सुमारे १०० चौरस मिलिमीटर. त्यांच्या जोरावर हा बीम फक्त १७ किलोन्यूटन-मीटर घेऊ शकतो. सुरक्षेचा गुणक काढून टाकला तरी २० च्या आसपास. काँक्रीट मात्र २४ पर्यंत न तडकता उभं असतं. म्हणजे ज्या क्षणी तडकतं, त्या क्षणी सळईच्या कुवतीबाहेरचं ओझं तिच्यावर येतं आणि ती तुटते. सळई घातलेली असूनही बीम केदारेश्वराच्या काळातल्या तुळईसारखा मोडतो.

यावर कुणी म्हणेल, की वजनच कमी आहे तर २४ पर्यंत मोमेंट जाईलच कशाला? हिशेबात धरलेल्या वजनानं जाणार नाही, हे खरं. पण काँक्रीट सुकताना आकसतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसभर तापतं आणि रात्री निवतं. दोन्ही टोकं खांबांत अडकलेली असल्यामुळे त्या आकसण्याचाही ताण बीममध्ये साठतो. पुढे कधीतरी गच्चीवर पाण्याची टाकी येते, वाळूचा ढीग पडतो, एखाद्या खांबाचा पाया किंचित खचतो. हिशेबाच्या वहीत यातलं काही नसतं. म्हणून मानक सांगतं, की हिशेब काहीही निघो, ताणाच्या बाजूची सळई एवढी हवीच:

As = 0.85 b d / fy

आपल्या बीमला हे १६० चौरस मिलिमीटर येतं. तेवढ्या सळईवर बीम २७ किलोन्यूटन-मीटर घेतो. काँक्रीट तडकायचं २४ ला आणि सळईची कुवत २७. सूत्रातला ०.८५ हा आकडा हवेतून आलेला नाही, तो या दोन आकड्यांच्या जवळिकीतून आलाय. साइटवर यातला फरक किती बारीक असतो तेही बघा. दहाच्या, म्हणजे तीन सुताच्या, दोन सळ्यांचं क्षेत्र १५७ भरतं, तीन चौरस मिलिमीटरनं कमी. सरळ बाराच्या दोन घालाव्यात आणि पुढच्या कामाला लागावं.

किमानापेक्षा कमी सळई असलेला बीम ओळखताही येतो. पुरेशी सळई असलेल्या बीमला वजन आलं की तळाशी थोड्याथोड्या अंतरावर बारीक उभ्या चिरा पडतात, कारण सळई एका चिरेपाशी ताण झेलून तो पुन्हा शेजारच्या काँक्रीटमध्ये उतरवते. सळई अपुरी असेल तर तिला ते जमत नाही. पहिल्याच चिरेपाशी ती ताणून जाते आणि सगळी हालचाल तिथेच गोळा होते. बीमच्या मध्याजवळ एकच रुंद चीर आणि बाकी अंग स्वच्छ, असं दिसलं तर प्लास्टर मारून झाकण्याआधी ड्रॉइंग बघावं.

या सूत्रात मला एक उणीव दिसते, ती इथेच सांगून टाकतो. त्यात काँक्रीटची प्रत कुठेच नाही. काँक्रीट जितकं चांगलं, तितकं ते उशिरा तडकतं आणि तडकताना सळईवर तितका मोठा झटका टाकतं. आपलाच बीम एम-४० मध्ये ओतला तर तडकण्याचा मोमेंट ३४ वर जातो. १६० चौरस मिलिमीटर सळईची कुवत मात्र २८ च्या आसपासच राहते. नियम पाळूनही बीम ठिसूळ. भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं मानक, आयएस १३९२०, याची दखल घेतं. त्याच्या सूत्रात काँक्रीटच्या ताकदीचं वर्गमूळ येतं:

As = 0.24 √fck b d / fy

एम-४० ला यातून सुमारे २८६ चौरस मिलिमीटर निघतं आणि गणित पुन्हा बरोबर बसतं. हे मानक पहिल्यांदा १९९३ मध्ये निघालं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरलं. पडलेली घरं बहुतेक दगडमातीची होती, त्यामुळे त्यांना या सूत्राचा उपयोग झाला नसता. पण त्यानंतर आमच्या भागात ज्याला त्याला स्लॅबचं घर हवं झालं, आणि बीममधल्या सळईचा प्रश्न वाडीवस्तीपर्यंत पोचला.

आता काकांच्या चौथ्या सळईकडे येऊ.

बीम मोडायला आला, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. खालची सळई आधी ताणली जाईल, किंवा वरचं काँक्रीट आधी चुरडेल. सळई आधी गेली तर ती तुटत नाही, ताकद तेवढीच ठेवून लांबत जाते. यालाच आपण यील्ड होणं म्हणतो. चिरा रुंदावतात, बीम डोळ्यांना दिसेल इतका लवतो, दाराची चौकट घट्ट होते, प्लास्टर झडतं. घरातल्या माणसाला बाहेर पडायला, किंवा निदान मिस्त्रीला बोलवायला, वेळ मिळतो. काँक्रीट आधी गेलं तर यातलं काहीच घडत नाही. तळाच्या चिरा बारीकच राहतात, कारण सळई अजून आरामात असते. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि पाठोपाठ सगळा बीम बसतो. वर फरशी असेल तर तो पापुद्राही कुणाला दिसत नाही.

दोघंही एकाच क्षणी हरतील इतकी सळई असलेला छेद म्हणजे संतुलित छेद. नाव ऐकून वाटतं, की हाच आदर्श असणार. परीक्षेत मुलं तसं लिहितातही. प्रत्यक्षात तो कड्याचा काठ आहे. त्याच्या अलीकडे, थोडं मागे उभं राहायचं असतं.

हा काठ कुठे आहे ते तीन मापांत कळतं. काँक्रीटची वरची कड चुरडताना मीटरमागे साडेतीन मिलिमीटर आखडलेली असते. एफई-५०० सळई, सुरक्षेचा गुणक धरून, मीटरमागे सुमारे २.२ मिलिमीटर लांबली की यील्ड होते. मानक त्यात आणखी २ मिलिमीटर घालतं, म्हणजे ४.२. तिसरं माप बीमच्या खोलीचं. वाकतानाही बीमचा छेद सपाट राहतो, त्यामुळे वरून खाली येताना आखडणं एका सरळ रेषेत कमी होत शून्यावर येतं आणि पुढे त्याचं लांबणं होतं. शून्याची ही जागा म्हणजे उदासीन अक्ष. वर ३.५ आणि खाली ४.२, तर शून्य कुठे? ३.५ ला ७.७ नं भागा. खोलीच्या साधारण ४६ टक्क्यांवर. कोष्टकात एफई-५०० समोर ०.४६ छापलेलं असतं ते हेच. पाठ करायची गरज नाही, दोन समरूप त्रिकोण काढता आले की पुरे.

ते जादा २ मिलिमीटर का? आयएस ४५६ मध्ये मर्यादा स्थितीची पद्धत १९७८ च्या आवृत्तीत आली. तेव्हा बाजारात थंड अवस्थेत पिळलेल्या टोर सळ्या होत्या. त्यांना यील्डचा ठळक बिंदू नसे. ताण आणि लांबणं यांचा आलेख हळूहळू वळत जाई. म्हणून ०.२ टक्के कायमचं लांबणं उरेल तो ताण यील्डचा मानायचा असं ठरलं, आणि ते ०.२ टक्के हिशेबात आले. आजच्या टीएमटी सळ्यांचा स्वभाव वेगळा असला तरी ती भर तशीच आहे, आणि माझ्या मते ती असावीच. तिच्यामुळे आपण 'संतुलित' म्हणून जी मर्यादा वापरतो, ती खऱ्या काठाच्या थोडी अलीकडे पडते.

आपल्या बीममध्ये खोलीचे ४६ टक्के म्हणजे १८९ मिलिमीटर. तेवढ्या उंचीचं काँक्रीट सुमारे ३१२ किलोन्यूटन दाब देतं. सळईनं ओढलेला ताण या दाबाइतकाच असायला हवा. हिशेबात सळईचा एक चौरस मिलिमीटर ४३५ न्यूटन ओढतो, म्हणून मर्यादेची सळई भरली ७१८ चौरस मिलिमीटर. सोळाची एक सळई २०१ ची. तीन सळ्या ६०३, मर्यादेच्या आत. चार सळ्या ८०४, बाहेर.

तीन सळ्यांवर बीम ९० किलोन्यूटन-मीटर घेतो. काकांचा हिशेब सरळ होता: तिनावर नव्वद, तर चारावर एकशेवीस. पण मानक चौथ्या सळईला तेवढं श्रेय देत नाही. मर्यादेवरचा मोमेंट १०३, त्यापुढे मोजायचं नाही. म्हणजे तीसच्या जागी तेरा. खरं सांगायचं तर चौथ्या सळईनं ते घर पडलं नसतं. खरा काठ ९६० चौरस मिलिमीटरच्या आसपास आहे आणि ८०४ त्याच्या अलीकडेच राहतं. मधली जागा मात्र बरीच खाल्ली जाते. काकांसारखाच आणखी उत्साही कुणी सहा सळ्या घालेल, तर काय होईल? सळईवरचा ताण ४३५ च्या जागी ३६९ वर अडकतो आणि काँक्रीट आधी चुरडतं. लोखंड दुप्पट, मोमेंट १८० च्या जागी १३२, आणि मोडताना कसलीही सूचना नाही. पैसे मोजून धोका विकत घेतल्यासारखं.

हीच ताकद वेगळ्या रस्त्यानं मिळते. बीमची उंची ७५ मिलिमीटरनं वाढवली, तर त्याच तीन सळ्यांवर तो सुमारे ११० किलोन्यूटन-मीटर घेतो, म्हणजे चौथ्या सळईनं मिळालेल्या १०३ हूनही जास्त. शिवाय मर्यादा ७१८ वरून ८४९ वर सरकते, मग हवी तर चौथीही घाला. उंची वाढवणं शक्यच नसेल, तर वर दाबाच्या बाजूला सळई देऊन काँक्रीटला हात लावता येतो. त्याचा हिशेब पुढच्या प्रकरणात आहे.

कागदावर एवढं ठरलं, तरी यातली एक गोष्ट साइटवर सुटते. ७१८ हा आकडा एम-२० काँक्रीटचा आहे. काँक्रीट कमअस्सल निघालं तर मर्यादा त्याच प्रमाणात खाली येते, सळ्या मात्र असतात तिथेच राहतात. पाणी जास्त झालं आणि काँक्रीटची ताकद निम्म्यावर आली असं धरा. मर्यादा झाली ३५९. आपल्या तीन सळ्यांचे ६०३ चौरस मिलिमीटर आता तिच्या कितीतरी पुढे गेले, खऱ्या काठाच्याही पुढे. इंजिनिअरनं काढलेला सुरक्षित बीम गवंड्याच्या बादलीनं ठिसूळ करून टाकला. ड्रॉइंग तपासा, सळ्या मोजा, सगळं बरोबर सापडेल. म्हणून माझ्या ड्रॉइंगमध्ये मी सळई मर्यादेला टेकवत नाही. पाऊणपट झाली की बीमची उंची वाढवायचा विचार सुरू करतो. आपल्या बीममध्ये ६०३ हे ७१८ च्या ८४ टक्के आहे. तेवढंही मी नाखुशीनंच ठेवलं होतं, कारण खाली दाराची उंची आड येत होती.

कमाल मर्यादेचा आणखी एक आकडा मानकात आहे आणि मुलांचा त्यात हमखास गोंधळ होतो. ताणाच्या बाजूची सळई बीमच्या एकूण छेदाच्या ४ टक्क्यांहून जास्त नको. आपल्या बीमला हे ४१४० चौरस मिलिमीटर होतं, म्हणजे सोळाच्या वीस सळ्या. संतुलित छेदाची मर्यादा ७१८ आणि ही ४१४०, मग खरी कुठली? दोन्ही खऱ्या, पण कारणं वेगळी. वर दाबाची सळई दिली की पहिली मर्यादा वाढवता येते. चार टक्क्यांची मर्यादा कशानंच वाढत नाही, कारण ती जागेची आहे. २३० च्या बीममधून दोन्ही बाजूंचं कव्हर आणि रिंगा वजा केल्या की १६४ मिलिमीटर उरतात. चार सळ्या एका ओळीत ठेवल्या तर मधे ३३ मिलिमीटरची फट राहते. २० मिलिमीटरची खडी तिथून खाली उतरते. पाचवी घातली की फट २१ वर येते. खडी वर अडते, खाली नुसतं पाणी-सिमेंट झिरपतं, आणि सेंट्रिंग काढल्यावर सळईखाली मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. जिथे सळईला सळई जोडलेली असते तिथे तर संख्या दुप्पट. आयएस १३९२० ची मर्यादा याहून कडक, अडीच टक्के. माझ्या अनुभवात बीमच्या खाली दीड टक्का सळई झाली की व्हायब्रेटरची सुई घालायला जागा शोधावी लागते.

काकांना यातलं मी तेव्हा थोडंसंच सांगितलं. "सळई आधी हरायला पाहिजे, काँक्रीट नाही," एवढं म्हणालो. ते पटलं की नाही कुणास ठाऊक. सळई त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. तेवढ्यात मिक्सर सुरू झाला आणि पहिलाच माल पातळ आला, पाटीतून सांडत होता. एम-२० च्या नेहमीच्या मिश्रणाला सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीमागे मानक ३० लिटरपेक्षा जास्त पाणी देऊ देत नाही, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं असतं. मिक्सरवाला अंदाजानं ओतत होता. दहा लिटरची बादली मागवली, गोणीमागे दोन पूर्ण आणि तिसरी अर्धी असं ठरवून दिलं. मोजायला कुणीतरी हवं होतं.

काकांनी एक वीट ओढली आणि मिक्सरशेजारी बसले. संध्याकाळी बीम भरून झाला, तेव्हा त्यांच्या समोरच्या मातीत काडीनं ओढलेल्या रेघांच्या तीन ओळी झाल्या होत्या.